पंचांचे पाणी

बायको वारली तो बुधवार होता. इंदूरच्या इस्पितळात, सकाळी. कागदावर धनुर्वात असे लिहिले गेले. मी स्नेहलतागंजातल्या खोलीवर परत आलो, दार उघडले आणि खुर्चीवर बसलो.

कागदावरचे कारण खोटे नव्हते, पण ते शेवटचे होते. पहिले कारण आदल्या उन्हाळ्यात एका ग्रामपंचायतीने एकमताने मंजूर केले होते. त्या बैठकीला मी हजर होतो. सतरंजी स्वच्छ होती, चहा गोड होता, आणि जमलेल्यांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी निदान भांडता येते. आपल्याला ठाऊक आहे अशी खात्री असलेल्या माणसाशी काय करायचे, हे मला अजून कळलेले नाही.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता आणि खेड्यांत शाळा उघडत होत्या. तिला अशाच एका शाळेवर नेमले होते. मी इंदूरला एका ग्रंथालयात होतो. शनिवारी दुपारच्या मोटारीने तिच्याकडे जायचो, सोमवारी पहाटे निघायचो. गावाने तिला लेक मानली होती, म्हणून मी सगळ्या गावाचा 'जमाईजी'. जमाईजीला त्या गावात कोणाच्याही ओट्यावर चहा मिळे, आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकत नसे.

गावाला नारू होता. आता हा रोग कोणी पाहिलेला नाही म्हणून सांगावे लागते. नारू म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा एक जंत. दोऱ्याएवढा बारीक आणि हातभर लांब. आधी पायावर फोड येतो. तो भाजल्यासारखा जळतो. फोड फुटला की आतून पांढरे टोक दिसते. ते टोक एका काडीला गुंडाळून रोज थोडेथोडे ओढायचे. घाई केली आणि जंत आत तुटला, तर पाय सुजतो, पिकतो, माणूस महिनोन्‌महिने खाटेवर पडतो. उन्हाळ्यात त्या गावात दर घरात कोणी ना कोणी काडी गुंडाळून बसलेले असे, आणि त्याचे कोणाला नवल नव्हते.

तिलाही त्या उन्हाळ्यात घोट्याजवळ नारू निघाला. मी घाबरलो. ती घाबरली नाही, चिडली. दिवाळीनंतर आरोग्य खात्याचा एक निरीक्षक शाळेत येऊन गेला होता. त्याने सगळे समजावून सांगितले होते आणि वाचायला एक पुस्तिका दिली होती. तेव्हापासून ती पिण्याचे सगळे पाणी मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळून घेत असे. पण घोट्यातला नारू त्याआधीचा होता. नारूला पोटातून पायापर्यंत यायला वर्षभर लागते. ती गावात आली त्या पहिल्या उन्हाळ्यात प्यालेले पाणी आता बाहेर पडत होते.

गावची पिण्याची विहीर म्हणजे एक बावडी होती. गाव तिला देवी मानून माताजी म्हणत असे. पायऱ्या थेट पाण्यात उतरत. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवत. फोड आलेला माणूस शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडी, कारण थंड पाण्याने जळजळ थांबते. नारूला हेच हवे असते. मादी पिल्लांनी भरलेली असते आणि ती पाण्याची वाट पाहत असते. पाय पाण्यात गेला की फोड फुटतो, दुधासारखा पातळ स्राव निघतो, आणि डोळ्यांना न दिसणारी असंख्य पिल्ले पाण्यात सुटतात. पाण्यात राईच्या दाण्याहून लहान, उड्या मारत पोहणारे किडे असतात. ते ही पिल्ले खातात. पंधरवड्याभरात पिल्ले किड्याच्या पोटात तयार होतात. मग कोणीतरी घागर बुडवतो, कोणीतरी पितो. पोटात किडा मरतो, पिल्लू मरत नाही. ते आतडे भेदून अंगात शिरते आणि वाढू लागते.

म्हणजे उपाय सोपा होता. पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, काठावर दोन खांब आणि रहाट बसवायचा, दोर-बादलीने पाणी काढायचे. पाय पाण्यात गेला नाही की साखळी तुटली. सिमेंट आणि रहाट विकास खंडाच्या, म्हणजे तालुक्याच्या सरकारी कचेरीतून मिळणार होते; पंचायतीच्या नावाचा अर्ज तिने आधीच धाडला होता. पंचायतीने फक्त हो म्हणायचे होते. आणि ते आत्ता, वैशाखाच्या आत. कारण या उन्हाळ्यात जे पाण्यात सुटेल तेच पुढच्या उन्हाळ्यात तिच्या शाळेतली पोरे खाटेवर पाडणार होते. तिला एवढेच हवे होते.

बैठक बावडीच्या काठावरच्या ओट्यावर भरली. सरपंच मराठी होते. त्यांचे वाडवडील संस्थानी फौजेत होते, ते स्वतः पागेवर होते, आणि संस्थान विलीन झाल्यावर जमिनीवर येऊन राहिले होते. बोलताना ते घोड्यांची उदाहरणे देत. दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे पटेल. ते माळव्याच्या मालवी बोलीत बोलत आणि सरपंचांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत, मग उलटे मत देत. त्यांच्या उजव्या पायाला नारू होता. पाय त्यांनी उशीवर ठेवला होता, जणू तोही एक पंच आहे.

ती लंगडत आली आणि बाजूला घोंगडीवर बसली. सरपंचांनी तिच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिले.

"बघा," ते सभेला म्हणाले, "बाईंनासुद्धा सोडलं नाही. पायातूनच शिरला."

"पायातून शिरला नाही, सरपंचजी," ती म्हणाली. "पायातून निघाला."

"एकच की."

"एक नाही. शिरला तोंडातून."

थोडे हसू झाले. पटेल म्हणाले, "बाई, हातभर लांब जनावर मुंडा में से जावे और मालूम नी पड़े?"

तिने शांतपणे सगळे सांगितले. फोड, पिल्ले, किडा, पाणी, पोट, वर्ष. शाळेत सांगावे तसे, सोप्या शब्दांत, अर्धे मराठीत अर्धे हिंदीत. मग तिने शेजारच्या घागरीतले बावडीचे पाणी काचेच्या पेल्यात घेतले आणि उन्हात धरले. पाणी निर्मळ होते. नीट पाहिले तर त्यात पांढुरके ठिपके उड्या मारत होते.

पेला हातोहात फिरला. सरपंचांनी तो बराच वेळ डोळ्यांसमोर धरला.

"आहेत खरं," ते म्हणाले. "म्हणजे पाणी जिवंत आहे. मेलेल्या पाण्यात काय पोहणार?"

सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटते बैठक तिथेच संपली होती. पुढचे सगळे सजावट होती.

सरपंचांनी मग आपला सिद्धांत मांडला. "काटा जिथून शिरतो तिथूनच निघतो. पागेत हजार घोडे पाहिले मी. खुरातला खिळा कधी कानातून निघालेला ऐकला नाही. नारू पायातून निघतो. का? कारण आपण अनवाणी उतरतो. पायरीवर शेवाळ आहे, शेवाळात नारूचं बी आहे. पाण्याचा काय दोष? हे पाणी माझ्या आजाने प्यालं."

"तुमच्या आजोबांना नारू झाला होता का?" तिने विचारले.

"दरवर्षी," सरपंच अभिमानाने म्हणाले.

तिने पट्टी बांधलेला पाय पुढे केला. मग म्हणाली, "मी या बावडीची एकही पायरी उतरलेले नाही. माझं पाणी भरून आणतात. तुम्ही सगळे जाणता. मग माझ्या पायात शेवाळ कुठून आलं?"

ओट्यावर खरेच शांतता झाली. मी त्या शांततेवर आशा ठेवली. पुस्तकात असा प्रश्न विचारला की माणसे विचार करू लागतात. इथे पटेलांनी तंबाखू मळायला घेतली, चोळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "घागर से पानी टपके है आंगन में. उस पे पाँव पड़ा होगा."

"बरोबर," कोणीतरी म्हणाले, आणि सर्वांना सुटल्यासारखे वाटले.

तिच्याकडे आणखी एक पुरावा होता. तो तिने काढायला नको होता असे नाही. तो सगळ्यांत खरा होता, म्हणून सगळ्यांत घातक ठरला. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती होती, तिला बावडीवर उतरायची बंदी होती. त्यांच्यातला एकजण महूच्या पलटणीतून पेन्शनवर परतला होता. त्याने पुढाकार घेऊन वस्तीपुरती एक अरुंद विहीर खणून घेतली. तिला पायऱ्या नव्हत्या, उंच कठडा होता, पाणी दोराने निघे.

"त्या वस्तीतली मुलं माझ्या शाळेत येतात," ती म्हणाली. "एकाच्याही पायाला काडी नाही. तीही अनवाणीच फिरतात. तुमच्या अंगणांसमोरून, तुमच्या घागरींतून सांडलेल्या पाण्यावरून फिरतात. फक्त पाणी दोराचं पितात."

सरपंचांचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

"म्हणजे आम्ही आता त्यांच्यासारखं दोराने पाणी ओढायचं?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलं बाई. आमच्या माताजीच्या पायऱ्या बुजवायच्या आणि आमच्या लेकीसुनांनी तिकडच्यासारखा दोर ओढायचा. भिया, ऐकताय ना?"

भिया लोक, म्हणजे ओट्यावरचे सगळे भाऊबंद, ऐकत होते. रोग एका बाजूला पडला. पायऱ्यांवरून पाण्याला हात लावून पाणी घेणे हा मान होता आणि दोराने घेणे ही पायरी होती, खालची. आपण ज्यांना पाणी देत नाही ते आपल्याहून निरोगी आहेत, ही गोष्ट त्या ओट्यावर कोणाच्या कानातच शिरली नाही. पटेल म्हणाले, "उनको आदत है." कशाची सवय, हे कोणी विचारले नाही. नारू न होण्याची सवय असावी.

मग चर्चा रंगली. पायातून शिरतो हे ठरलेच होते. तेव्हा प्रश्न उरला पाय झाकायचा. एकजण म्हणाला, जोडे घालून उतरावे. त्यावर दुसरा उठून उभा राहिला. चामडे, माताजीच्या पाण्यात? पहिला म्हणाला, रबराचे. दुसरा म्हणाला, रबर कशाचे असते कोणाला माहीत. मोटारीच्या टायरच्या चपला महूच्या बाजारात मिळतात, त्या गाईच्या की म्हशीच्या, यावर माणसे तापली. टायर गाईचे की म्हशीचे! मी खाली मान घालून बसलो होतो. ती हसली नाही. मला ते आठवते, कारण एरवी अशा गोष्टीवर ती सगळ्यांत आधी हसली असती.

वाद चालू असताना पटेल उठले, दोघांच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या उतरले आणि नारूचा पाय पाण्यात सोडून बसले. "आह," त्यांचा आवाज वर आला. फोड फुटला असावा. पायाजवळचे पाणी जरासे गढूळ झाले आणि निवळले.

"पटेलजी, पाय काढा!" ती ओरडली. "तेच! आत्ता तेच होतंय!"

"ठंडक पड़ गई बाई," पटेल खालून म्हणाले. "खराब पानी होता तो ठंडक पड़ती क्या?"

सरपंचांनी माझ्याकडे वळून पाहिले, साक्षीदार मिळाल्यासारखे. "ऐकलंत, जमाईजी?"

शेवटी खडावांवर एकमत झाले. लाकूड पवित्र असते, साधूही घालतात. पंचायतीने सुताराकडून खडावा करवून ओट्यावर ठेवायच्या, उतरणाऱ्याने घालून उतरायचे. सिमेंटचा अर्ज मागे घ्यायचा. सगळे प्रसन्न झाले. परंपरा राखली, सुधारणाही झाली.

ती उठली. तिच्या पायाची काडी पट्टीतून दिसत होती.

"भिंत नको तर नको," ती म्हणाली. "एक गोष्ट मान्य करा. ज्याचा नारू उघडा आहे त्याने पाण्यात उतरायचं नाही. त्याला घरी घागर भरून द्यावी, तिथे पाय बुडवावा, ते पाणी शेतात फेकावं. एवढंच. माताजीला काही होणार नाही."

हे मागणे लहान होते आणि बरोबर होते. एवढे पाळले असते तरी पुढे नारू थांबला असता. सरपंचांना ती जिंकल्यासारखे वाटू द्यायचे नव्हते, पण लेकीला रिकाम्या हाताने पाठवायचेही नव्हते.

"मंजूर," ते म्हणाले. "पंचांचं पाणी घ्या."

त्या गावात ठराव कागदाने पक्का होत नसे. कागद विकास खंडासाठी. ठराव पक्का व्हायचा तो बावडीच्या पाण्याने. एक तांब्या भरायचा, सरपंचाने घोट घ्यायचा, मग बोललेल्या प्रत्येकाने. ज्याने पाणी घेतले तो शब्दाला बांधला. ज्याने घेतले नाही, त्याच्या बाजूचा शब्द नव्हताच असे धरायचे.

तांब्या खालच्या पायरीवरून भरून आला. सरपंच प्याले, पटेल पायरीवरच प्याले. मग तो तिच्यासमोर आला. तिने पदर दुहेरी करून तांब्याच्या तोंडावर धरला.

"हे काय?" सरपंच म्हणाले.

"गाळून घेते."

"पंचांचं पाणी गाळून? आमचा शब्द काय गाळ आहे?"

"शब्द नाही, पाणी—"

"मग राहू द्या बाई. तुमचा ठराव पण राहू द्या. बळजबरी नाही कोणाला."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती पायरीवर बसलेल्या पटेलांच्या पायाकडे पाहत होती. मग तिने पदर सोडला आणि एक घोट घेतला.

परतताना ती म्हणाली, "पटेलांनी आज सोडलेली पिल्लं बाधणार नाहीत हो. ती अजून पंधरवड्याने तयार होतील."

"मग?"

"मग काय. आधी कोणीतरी सोडलेली असतील." थोडे चालून म्हणाली, "पण ठराव तर झाला ना?"

ठराव खडावा येईपर्यंत टिकला. सुताराने खडावा दिल्या, आणि लोकांनी सरळ विचार केला: पाय आता सुरक्षित, मग उघड्या नारूने उतरायला काय हरकत? खडाव अंगठ्यात अडकते, बाकी पाय उघडाच राहतो. पाणी त्याला सगळीकडून लागते. पटेल सर्वांत आधी खडावा घालून शेवटच्या पायरीवर बसू लागले. तिने आठवण करून दिली तेव्हा सरपंच म्हणाले, "खडावा घातल्या ना त्यांनी? ठरावाचा उद्देश बघा, बाई." तिने विकास खंडाला लिहिले. उत्तर आले की पंचायतीने अर्ज मागे घेतला आहे.

पुढचा उन्हाळा आला. काड्या गुंडाळलेल्या पायांची संख्या कमी झाली नाही. लोकांनी ठरवले की खडावांचे लाकूड चुकीचे निवडले होते. कडुनिंबाचे हवे होते.

तिच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला फोड आला. निरीक्षक येऊन गेल्यापासून तिने न गाळलेले पाणी एकदाच तोंडाला लावले होते. ते तिने मला बोलून दाखवले नाही. मी विचारले नाही. तिने घोट्याचा नारू जसा काढला होता तसाच हाही काडीला गुंडाळला. पण गुडघा वाकतो. घोट्याइतका तो स्थिर ठेवता येत नाही. मोटारीच्या थांब्यावरून शाळेकडे येताना ती गुरांच्या वाटेवर पडली. जंत आत तुटला, जखमेत शेण-माती गेली. गुडघा सुजला. मी शनिवारी पोहोचलो तेव्हा ती म्हणाली, पाय दुखतोय, पण जबडा जास्त आखडलाय, भाकरी चावता येत नाही. जबड्याचा आणि गुडघ्याचा संबंध मी त्या क्षणी लावू शकलो नाही. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरने लावला आणि बैलगाडीऐवजी धान्याचा ट्रक थांबवून दिला. इंदूरला धनुर्वातावरचे इंजेक्शन दिले. उशीर झाला होता.

तेराव्याला सरपंच आणि पटेल इंदूरला आले. चांगल्या घरची माणसे होती, येणारच. सरपंचांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. त्यांनी माझा हात धरला.

"लेक गेली आमची," ते म्हणाले. "काय सांगू, जमाईजी. आम्ही बाईंच्या घरीसुद्धा एक जोडी खडावा पाठवल्या होत्या. त्यांनी कधी घातल्याच नाहीत."

पटेलांनी मान हलवली. या वेळी त्यांनी उलटे मत दिले नाही.

मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर दार लावून घेतले. त्यांना शिव्या द्याव्यात असे तेव्हा वाटले नाही. वाटले ते एवढेच, की काच उन्हात धरून दाखवली तरी जो पाहतो त्याला आपले आधीचे मतच दिसते, आणि अशा माणसाला आपण सरपंच करतो.

त्यानंतर मी त्या गावाला एकदाच गेलो, बऱ्याच वर्षांनी. रस्ता डांबरी झाला आहे. घराघरांत नळ आहेत. नारू काय असतो हे तिथल्या तरुण मास्तरांना सांगावे लागले. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले. बावडी आटली आहे. पायऱ्या उघड्या आहेत.